तुम्ही विचारलंत म्हणून: पाच स्ट्रक्चरवाला फिनॉल मागं का पडतो

"सर, फिनॉक्साइडची रेझोनन्स स्ट्रक्चर पाच अन् कार्बोक्सिलेटची दोनच, मग अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड फिनॉलपेक्षा जास्त अ‍ॅसिडिक कसं काय?"

लातूरला नीटची बॅच कोणतीबी असू द्या, हे पोरं विचारतातच, अन् विचारायलाच पाहिजे. एच-प्लस सुटल्यावर उरलेला आयन जितका स्थिर, तितकं अ‍ॅसिड तगडं, म्हणून स्ट्रक्चर नुसती मोजू नका, प्रत्येकात मायनस चार्ज कुठं बसलाय ते बघा. फिनॉक्साइडच्या पाचपैकी तीन स्ट्रक्चरमध्ये तो कार्बनवर येतो, दोन ऑर्थो अन् एक पॅरा, आणि कार्बनला ऑक्सिजनइतका चार्ज झेपत नाही, वर त्या तिन्हीत रिंगची अ‍ॅरोमॅटिसिटी पण मोडते. म्हणून ती तीन स्ट्रक्चर कागदावर दिसतात तेवढी कामाची नसतात. कार्बोक्सिलेटमध्ये दोनच आहेत, पण दोन्हीत चार्ज ऑक्सिजनवर आणि दोन्ही अगदी सारखी, त्यामुळं चार्ज अर्धा-अर्धा वाटला जातो. फॉर्मेट आयनमधले दोन्ही सी-ओ बाँड एकाच लांबीचे निघतात, तो याचाच पुरावा. शिवाय शेजारचा सी-डबल-बाँड-ओ इंडक्टिव्ह इफेक्टनं इलेक्ट्रॉन ओढतो, हे पोरं लिहायचं विसरतात.

इथेनॉलला यातलं काहीच नाही. इथॉक्साइडचा चार्ज एकाच ऑक्सिजनवर अडकून राहतो, त्यात इथाइल ग्रुप अजून इलेक्ट्रॉन ढकलतो. पाण्यातले पीकेए बघा, आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड तगडं: इथेनॉल साधारण 16, फिनॉल 10, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड 4.76. एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट, म्हणजे फिनॉल इथेनॉलच्या दहा लाख पट अ‍ॅसिडिक!

आता दोन्ही इफेक्ट वेगळे करून बघायचे असतील तर मला नायट्रोफिनॉल सगळ्यात आवडतो. मेटाला नायट्रो लावला की पीकेए 8.4 च्या आसपास येतो, पॅराला लावला की 7.15. मेटावर चार्ज रिंगमधून नायट्रोपर्यंत पोचतच नाही, कारण तो फिरतो फक्त ऑर्थो-पॅरावर, म्हणजे तिथं मुख्य काम इंडक्टिव्ह इफेक्टचंच. पॅराला मात्र चार्ज थेट नायट्रोच्या ऑक्सिजनवर जाऊन बसतो. आणि पॅरा मेटापेक्षा ओएचपासून लांब आहे, म्हणजे इंडक्टिव्ह ओढ तिथं उलट कमीच, तरी तो जास्त अ‍ॅसिडिक, मग हे रेझोनन्सशिवाय कशानं होणार?

प्रॅक्टिकलला हाच फरक टेस्ट ट्यूबमध्ये दिसतो. कार्बोनिक अ‍ॅसिडचा पीकेए 6.35 आहे, त्यामुळं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडियम बायकार्बोनेटमध्ये टाकलं की बुडबुडे येतात, फिनॉल टाकला की येत नाहीत, पण सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तो विरघळतो. फक्त बुडबुडे दिसले की डोळे झाकून "कार्बोक्सिलिक" लिहू नका. पिक्रिक अ‍ॅसिड फिनॉलच आहे, पण तीन नायट्रोमुळं त्याचा पीकेए 0.4 च्या आसपास येतो आणि तेबी बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतं.