आमची वाटचाल: चाळीस मिनिटांची कबड्डी साडेतीन मिनिटांत

अलिबागला स्टुडिओ सुरू केला तेव्हा पोटापाण्याचं काम लग्नाच्या शूटिंगचं होतं. पावसाळा सरला की रायगडात गावोगाव मंडळांच्या कबड्डी स्पर्धा लागतात आणि अंतिम सामन्याचं चित्रीकरण आमच्याकडे यायचं. पूर्ण सामना पेनड्राइव्हवर भरून दिला की काम संपलं. २०१४ साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि मंडळांची मागणी बदलली. "भाऊ, टीव्हीवर दाखवतात तसं करा, मोबाइलवर पाठवता येईल एवढं," असं अध्यक्ष सांगू लागले. तिथून आम्ही हायलाइट्सच्या पटकथा लिहायला लागलो, आणि आज आमच्या फर्मचं मुख्य काम तेच आहे.

पटकथा म्हटलं की लोकांना वाटतं, चांगल्या चढाया कापून जोडायच्या आणि वर जोरदार आवाज टाकायचा. खरी मेहनत वेगळीच असते. चढाईला जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात, म्हणजे चाळीस मिनिटांत ऐंशीच्या घरात चढाया होतातच. त्यातल्या दहा-बारा आम्ही ठेवतो. उरलेल्या गेल्या, तरी त्यांनी बदललेला गुणफलक राहतो. एका तुकड्यात ११-९ दिसतं, पुढच्यात १६-१४. मधे काय झालं हे बघणाऱ्याला कळलं नाही तर त्याचा सामन्याशी धागा तुटतो. तो धागा जोडून ठेवणं हे पडद्यावरच्या पट्टीचं काम. आवाजाचं काम आहे असं का झालं ते सांगण्याचं. दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर एक वाया गेला, असं मी आमच्या मुलांना सांगत असतो.

लोणाचंच बघा, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद होण्याचं. समजा एक संघ १८ गुणांवर आहे आणि समोर दोनच खेळाडू उरलेत. चढाईपटू दोघांना हात लावून मध्यरेषेवर परततो. बघणाऱ्याला दोन बाद दिसले, पण फलक एकदम २२ वर जातो. कबड्डी कळणाऱ्याला लोणाचे दोन गुण ठाऊक असतात. मुंबईत बसून भावाचा खेळ बघणाऱ्या वहिनींना ते माहीत असतीलच असं नाही. म्हणून आमची पट्टी दोन पायऱ्यांत बदलते: आधी २०, मग "लोण +२", मग २२. निवेदक तेव्हा गुण मोजत नाही. तो एवढंच म्हणतो, "अंगण रिकामं! सातही जण पुन्हा मैदानात, पण पिछाडी घेऊन."

पकडीचंही तसंच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना त्यांनी चढाईपटू धरला तर ती अव्वल पकड, दोन गुणांची. ही पकड दाखवताना आम्ही तुकडा थोडा आधीपासून घेतो, म्हणजे उरलेले तिघे मोजता येतात. नुसती झडप दाखवली तर दोन गुण कुठून आले ते समजत नाही. याउलट, चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली आणि मग तो पकडला गेला, तर दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो. तिथे पट्टीचे दोन्ही आकडे एकाच वेळी हलले पाहिजेत.

खेळाडूच्या नावाचा आकडेवारीचा फलक हा सर्वांत जोखमीचा भाग. ज्याच्या चढाईवर लोण बसला त्याच्या नावावर ते दोन जादा गुण चढवायचा मोह होतो. मंडळाचे कार्यकर्ते तर आग्रहच धरतात. लोणाचे गुण संघाचे असतात, खेळाडूचे नाहीत. बोनस मात्र चढाईच्या गुणांत धरायचा. आमच्याकडे नियम असा की सामना संपताच गुणलेखकाच्या कागदाचा फोटो घ्यायचा आणि दोन्ही संघांची बेरीज करायची: चढाईचे गुण, पकडीचे गुण, लोणाचे गुण आणि अवांतर. ही बेरीज अंतिम गुणांशी जुळली नाही तर एकही फलक बनवायला घ्यायचा नाही. न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा अव्वल पकडीचा दुसरा गुण किंवा पंचांनी दिलेला तांत्रिक गुण असतो.

नवीन मुलगा आला की त्याला आम्ही २०१६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना लिहायला देतो. अहमदाबाद, २२ ऑक्टोबर, भारत विरुद्ध इराण. निकाल ३८-२९. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक जण "भारताने नऊ गुणांनी विजय मिळवला" असं लिहितो. आकडा बरोबर आहे, पण त्यातून एकतर्फी सामन्याचा भास होतो. मध्यंतराला इराण १८-१३ असा पुढे होता. दोन आकड्यांतून दोन आकडे वजा केले की सामना कुठे फिरला ते समोर येतं: उत्तरार्धात भारताचे २५ गुण, इराणचे ११. हा हिशेब कुठल्याही मैदानी फलकावर लिहिलेला नसतो, पटकथा लिहिणाऱ्यानेच तो काढायचा असतो. मग आमच्या कागदावर ते असं उतरतं:

दृश्य: मध्यंतर, भारतीय संघ कर्णधार अनुप कुमारभोवती.
पडदा: मध्यंतर – इराण १८, भारत १३
आवाज: "पाच गुणांची पिछाडी. घरच्या प्रेक्षकांचा आवाजही बसलाय."

दृश्य: अजय ठाकूरची चढाई, स्पर्श होईपर्यंत.
पडदा: काही नाही
आवाज: काही नाही. मैदानाचा मूळ आवाज.

दृश्य: अजय मध्यरेषेवर, प्रेक्षक उभे.
पडदा: अजय ठाकूर – चढाईत १२ गुण (संपूर्ण सामना)
आवाज: "इराणच्या बचावाला आज हा माणूस सापडलाच नाही!"

दृश्य: शेवटची शिट्टी.
पडदा: उत्तरार्ध – भारत २५, इराण ११
आवाज: "सामना दोन भागांचा होता. दुसरा भाग भारताने खाऊन टाकला."

मधला रिकामा रकाना मुद्दाम रिकामा आहे. चढाईपटूचा दम, पंचांची शिट्टी, गर्दीचा हुंकार यांवर निवेदन चढवलं की चढाईतला ताण जातो. "संपूर्ण सामना" हे दोन शब्दही मुद्दाम आहेत. ते नसतील तर त्या क्षणापर्यंतच बारा गुण झाले असं वाटतं.

मराठी निवेदनाचं आमचं माप सेकंदाला साधारण दोन शब्द. आठ सेकंदांच्या तुकड्याला चौदा शब्दांपलीकडे गेलो की निवेदक धावायला लागतो आणि वाक्य पुढच्या दृश्यावर सांडतं. पट्टी किती वेळ ठेवायची यासाठी ती मनात दोनदा वाचून बघतो.

अक्षरांनी आम्हाला बराच काळ छळलं. जुन्या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटायची, त्यामुळे "उत्तरार्ध"चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. आता प्रत्येक खेळाडूचं नाव आधी पट्टीत टाकून बघतो आणि आडनावाचं ऱ्हस्व-दीर्घ संघ व्यवस्थापकाकडून तपासून घेतो. अंकांची अडचण वेगळी. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बारीक अक्षरात १ आणि ९ पटकन ओळखू येत नाहीत. गुणफलकात हा गोंधळ परवडत नाही, म्हणून कागदावर मराठी अंक ठेवले तरी पट्टीत आम्ही इंग्रजी अंक वापरतो.

सध्या प्रत्येक सामन्याच्या दोन आवृत्त्या करतो, एक आडवी आणि एक मोबाइलसाठी उभी. उभ्या चौकटीत मैदानाच्या दोन्ही कडा कापल्या जातात आणि कोपऱ्यावरचा बचावपटू चित्राबाहेर जातो, म्हणजे नेमका तोच, जो घोटा धरून पकड सुरू करतो. त्यामुळे उभ्या आवृत्तीसाठी अव्वल पकडीचे तुकडे वेगळे निवडावे लागतात. येत्या हंगामापासून मध्यरेषेच्या टोकाला आणखी एक कॅमेरा लावतोय, फक्त कोपऱ्यांसाठी.