कोपऱ्यात सुटलेली सळई

चिपळूणजवळच्या एका वाडीत काकांचं कौलारू घर बांधायला घेतलं होतं. नऊ इंची विटांच्या भिंती, कॉलम नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने जुन्या घराची कौलं कशी खडखडली, हे काकांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यामुळे खिडक्यांच्या खाली एक आणि वर लिंटेलला एक, असे काँक्रीटचे पट्टे सगळ्या भिंतींवरून फिरवायचे, यावर वाद झालाच नाही.

लिंटेलचा पट्टा भरायच्या दिवशी पोचले, तेव्हा मिक्सर लागलेला होता. तीन इंच जाडीचा पट्टा, दोन दहा एमएमच्या सळया, सहा इंचांवर रिंगा. लांबून सगळं झकास. सवयीने कोपऱ्यातली सळई धरून ओढली, तर ती हातात आली! दोन्ही भिंतींच्या सळया कोपऱ्यापर्यंत येऊन नुसत्या थांबल्या होत्या.

"ताई, काँक्रीट पडलं की धरतंय," मिस्त्री म्हणाले.

पुठ्ठ्याचं खोकं उचललं, भोवती सुतळी बांधली आणि कोपऱ्यात कापली. बाजू लगेच बाहेर झुकली. जमीन हलते तेव्हा हादऱ्याला आडवी असलेली भिंत बाहेर कलंडू पाहते आणि तिला लगतच्या भिंती धरून ठेवतात. ती ओढ कोपऱ्यातूनच जाते. काँक्रीट ओढ सोसत नाही, तिथे सळई अखंड हवी.

मग काटकोनात वाकवलेल्या सळया केल्या. बाहेरची सळई कोपऱ्यावरून वळवून पुढच्या भिंतीत वीस इंच, म्हणजे जाडीच्या पन्नासपट, दुसऱ्या सळईला जोडली. आतली सळई मात्र आतल्या कोनातच वळवायची नाही. ओढ बसली की ती काँक्रीट फोडून सरळ व्हायला बघते. म्हणून ती सरळ पलीकडच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत नेऊन तिथे वळवली.

कोपऱ्यातली बारा एमएमची उभी सळई पायापासून आली होती, ते बरं. विटांत ठेवलेल्या पोकळीत ती उभी होती, पण काही थरांची पोकळी रिकामीच होती. काठी घालून पाहिल्यावर कळलं. सळईला भिंतीने धरलंच नाही तर तिचा उपयोग काय? काही विटा काढून खालून काँक्रीट ठोकून भरलं.

खालचा पट्टा दारापाशी तुटतोच. तिथे त्याच्या सळया दाराच्या कडेच्या उभ्या सळईत अडकवलेल्या आहेत ना, तेही पाहिलं. दोन दारांना नव्हत्या. तिथलं काँक्रीट फोडताना मिस्त्री दिवसभर बोलले नाहीत.

सकाळी दहाचं काँक्रीट संध्याकाळी चारला सुरू झालं. दिवसाची मजुरी वाया गेली म्हणून काका कुरकुरले. मिस्त्री शेवटी उठले, प्रत्येक कोपऱ्यातली सळई एकेकदा ओढून पाहिली आणि मिक्सरवाल्याला म्हणाले, "हं, आता घाल."