हाताची वही

नौपाड्यातली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात राहायला आलो. सगळं सामान एका टेम्पोत आलं. माझा हात मात्र नौपाड्यातच राहिला. पहिले पंधरा-वीस दिवस रात्री पाणी प्यायला उठले की मी स्वयंपाकघराच्या दाराशी डावीकडची भिंत चाचपत उभी. इथे बटणं उजवीकडे आहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ‘उजवीकडे’ असंच म्हणाले असते. पण अंधारात विचारतंय कोण? हात आपला तीस वर्षांच्या सवयीने डावीकडे.

आईचं वेगळंच. महिनाभराने एका रात्री ती उठली, तिने न चाचपडता बरोबर उजवीकडचं बटण दाबलं, पाणी प्यायली, आणि सकाळी चहा गाळताना मला विचारते, “अगं, आपल्या इथे स्वयंपाकघराचं बटण कुठल्या बाजूला आहे गं? त्या पोळ्यावाल्या बाईंना सांगायचंय.”

मी हसले खरी, पण मग दिवसभर हेन्री डोक्यात होता.

हेन्री मोलायसन. अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा. मेंदूवरच्या पुस्तकांत तो पन्नासेक वर्षं नुसता ‘एच. एम.’ म्हणून वावरला. पूर्ण नाव 2008 मध्ये तो गेल्यावर बाहेर आलं. अपस्माराच्या झटक्यांनी बेजार झालेल्या या तरुणावर 1953 मध्ये, तो 27 वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या सर्जनने शस्त्रक्रिया केली. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, मेंदूचा जो आतला भाग असतो तो त्याने काढून टाकला. नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग त्यातच गेला. झटके कमी झाले. पण त्या दिवसानंतर हेन्रीच्या आयुष्यात नवीन काही साठेना. दोन वर्षांनी तपासणीत तारीख विचारली, तर त्याने मार्च 1953 सांगितली, आणि वय 27. समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की तो नवा. बुद्धी शाबूत, बोलणं सभ्य, विनोदही कळायचे. फक्त आत्ताचं जे आहे ते थोड्या वेळाने नसायचं.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ माँट्रियलहून त्याला तपासायला यायच्या. त्यांनी त्याला एक जुना, शाळेतल्या प्रयोगासारखा खेळ दिला. कागदावर एक चांदणी छापलेली, दुहेरी रेघांची, एकात एक. दोन रेघांच्या मधल्या गल्लीतून पेन्सिल फिरवायची, रेघ ओलांडली की चूक. अट एकच: कागद आणि हात झाकलेले, बघायचं फक्त समोरच्या आरशात.

हे ऐकून कुणालाही वाटेल, त्यात काय एवढं. मलाही वाटलं होतं. म्हणून एका रविवारी मी आईचा टेबलावरचा आरसा घेतला, चांदणी काढली, आणि आईला म्हटलं, जरा हा पुठ्ठा माझ्या हातावर धर. आईने एका हातात पुठ्ठा धरला आणि दुसऱ्या हाताने मटार सोलायला घेतले, यावरून तिला या संशोधनाचं कितपत महत्त्व वाटत होतं ते कळावं.

आडवी रेघ सहज जमली, कारण कागदापलीकडे आरसा उभा केला की डावं-उजवं जागच्या जागी राहतं. उलटं होतं ते लांबचं आणि जवळचं. पेन्सिल आपल्याकडे ओढली की आरशात ती दूर जाते. त्यामुळे खरी गंमत चांदणीच्या तिरप्या बाहूंवर. तिथे निम्मी दिशा खरी आणि निम्मी खोटी. पहिल्याच टोकाशी माझी पेन्सिल अडकली. मला दिसत होतं कुठे जायचंय, कळत होतं कुठे जायचंय, मी मनात स्वतःला बजावत होते की उलटं ओढ, उलटं. आणि पेन्सिल त्या कोपऱ्यात माशीसारखी थरथरत होती. प्रत्येक दुरुस्ती चूक आणखी वाढवायची. एक चांदणी पुरी व्हायला चार मिनिटं लागली आणि चुका मोजायच्या मी सोडून दिल्या. आई म्हणाली, “दारू प्यायल्यासारखी रेघ काढलीयेस.”

सातव्या-आठव्या चांदणीला मात्र काहीतरी सुटलं. मी बजावणं थांबवलं होतं, कारण कंटाळा आला होता, आणि पेन्सिल कोपऱ्यावरून आपसूक वळली. कशी, ते मला आजही सांगता येणार नाही. ‘लांब-जवळ उलटं’ हा नियम मला पहिल्या चांदणीलाही येत होता, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. जे सुधारलं ते नियमाच्या खाली कुठेतरी होतं. हाताने जिथे जायचं ठरवलं आणि डोळ्याला जिथे गेलेलं दिसलं, त्या दोहोंतला फरक पुनःपुन्हा मोजून मेंदू आपला हिशेब थोडा थोडा सरकवत असतो. हे काम मुख्यतः डोक्याच्या मागच्या भागातला छोटा मेंदू करतो. वारंवार केलेल्या हालचालींची सवय मुरवण्यात मेंदूच्या तळाशी खोल असलेल्या बेसल गँग्लियाचा मोठा हात असतो.

आणि हे दोन्ही भाग हेन्रीच्या शस्त्रक्रियेत काढलेले नव्हते.

मिल्नर यांनी त्याच्याकडून तीन दिवस, रोज दहा, अशा तीस चांदण्या काढून घेतल्या. पहिल्या दिवशी सुरुवातीला तुमच्या-माझ्यासारख्याच भरपूर चुका, मग कमी होत गेलेल्या. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी घडली. आदल्या दिवशी आपण असं काही केलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. मिल्नर यांनी खेळ नव्याने समजावला. त्याने पेन्सिल उचलली, आणि सुरुवात पहिल्या पायरीवरून न होता काल जिथे सोडलं होतं जवळपास तिथून झाली. तिसऱ्या दिवशी चुका अगदी थोड्या उरल्या. हे अवघड असेल असं वाटलं होतं, पण बरंच जमलं की, या अर्थाचं काहीतरी तो आश्चर्याने बोलला. तीस वेळा केलेल्या कामाबद्दल त्याला पहिल्यांदाच केल्याचं आश्चर्य वाटत होतं.

मिल्नर यांचे हे निष्कर्ष 1962 मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर स्मृती ही एकच गोष्ट, एकच कोठार, असं समजण्याकडे कल होता. हेन्रीच्या चांदण्यांवरून दिसलं की स्मृती एकच नसावी, निदान दोन असाव्यात. पुढे त्या दोन स्मृतींना नावं मिळाली: जी शब्दांत सांगता येते ती डिक्लरेटिव्ह, जी करूनच दाखवावी लागते ती प्रोसीजरल. मला ही नावं नेहमी सरकारी कचेरीतल्या दोन खिडक्यांसारखी वाटतात, म्हणून मी मनात एकीला रोजनिशी म्हणते आणि दुसरीला हाताची वही. हेन्रीची रोजनिशी बंद पडली होती. हाताची वही चालू होती, आणि तिच्यावर तारीख घालायची पद्धतच नसल्याने आपण हे कधी शिकलो, कुणी शिकवलं, याची नोंद तिच्यात कुणाच्याच बाबतीत नसते. सायकलचा तोल नेमका कुठल्या क्षणी जमला, सांगा बरं.

इथे शंका येते, आणि ती रास्त आहे. हातांची कामं सोपी असतील, म्हणून कमजोर स्मृतीलाही झेपत असतील. तसं असतं, तर उलटा माणूस सापडलाच नसता. पण सापडला. 1980 मध्ये नील कोहेन आणि लॅरी स्क्वायर यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना आरशातली उलटी अक्षरं वाचायला दिली. त्यांचा वाचण्याचा वेग चांगल्या स्मृतीच्या माणसांइतकाच वाढत गेला. वाचलेले शब्द मात्र नंतर ओळखू येईनात. मग हाच प्रकार हंटिंग्टन आजाराच्या रुग्णांवर झाला. या आजारात बेसल गँग्लिया झिजतात. त्या रुग्णांना वाचलेले शब्द ओळखता आले, पण उलटं वाचायची हातोटी नीट जमेना. एकाचं जे मोडलं तेच दुसऱ्याचं शाबूत. म्हणजे एकच यंत्र कमी-जास्त ताकदीचं नाही, यंत्रंच दोन आहेत.

पण म्हणून हाताच्या वहीला डोक्यावर घेऊ नये. हेन्रीला सगळंच आपल्यासारखं जमत नव्हतं. फिरत्या तबकडीवरच्या ठिपक्यावर काठी टेकवून ठेवायच्या कामात तो सुधारला, पण इतरांपेक्षा कमी. शिवाय या वहीची एक खोड फार वाईट आहे. तिला बरोबर आणि चूक यांतला फरक कळेलच असं नाही. जे पुन्हा पुन्हा झालं ते ती लिहून घेते. तुम्ही-मी एकदा चुकीचं बटण दाबतो, ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी स्वतःला अडवतो. हे अडवणं रोजनिशीचं काम. ती ज्याच्याकडे नाही, त्याने अंदाजाने चुकीचं उत्तर दिलं तर चूक आठवत नाही, पण तिचा ठसा राहतो, आणि पुढच्या वेळी तेच उत्तर आधी येतं. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी 1994 मध्ये शब्दांवरच्या प्रयोगात हे दाखवून दिलं: अशा रुग्णांना अंदाज बांधायला लावण्यापेक्षा पहिल्यापासून बरोबर उत्तरच देत राहिलं, तर ते जास्त शिकतात. ‘आठव बरं, आठव’ हे आपल्या घरोघरचं औषध तिथे उलटंच पडतं.

हे वाचल्यापासून मी आईला एक गोष्ट म्हणायची सोडली आहे. इथल्या दाराचं कुलूप दोनदा उलट फिरवून मग हँडल वर ओढावं लागतं. सुरुवातीला ती ओढायची खाली, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, “अगं, कसं ते आठव ना!” ती आणखी दोनदा खाली ओढायची. आता मी जाऊन तिच्या हातावर हात ठेवते, दोन फेरे, हँडल वर, आणि परत येते. आईची रोजनिशी ठणठणीत आहे, दूधवाल्याचे 2019 चे राहिलेले पैसे तिला आठवतात. पण कुलपाच्या बाबतीत ती तिच्या हातालाच विचारते, तर मीही हातालाच सांगावं म्हणते.

परवा बिल्डरकडून फोन आला, नव्या फ्लॅटमध्ये वायरिंगचे पॉइंट कुठे हवेत ते कळवा. मी कागद घेऊन बसले. “आई, जुन्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या दिव्याचं बटण कितवं होतं गं? तेच ठेवू या.”

“कुणास ठाऊक,” ती म्हणाली. “आता कसं आठवणार, इमारतच पाडली.”

मग ती उठली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, डोळे मिटले, आणि रिकाम्या भिंतीसमोर डावा हात वर नेला. अंगठा हवेत दोन बटणं ओलांडून थांबला.

“तिसरं लिही,” ती म्हणाली.