तुम्ही विचारलंत म्हणून: रोजची सहा अंडी आणि कोलेस्टेरॉल

‘सर, रोज सहा अंडी खातो, सगळी पिवळ्यासकट. व्यायाम करतो म्हणजे पचतंच ना? की हार्टचं काही होईल?’

पचतं, पण तेवढ्यावर हृदयाचा हिशोब लागत नाही. व्यायामाने रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, बऱ्यापैकी उतरतात, आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, थोडं वाढतं. रक्तवाहिन्यांत थर धरणाऱ्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर, म्हणजे एलडीएलवर, मात्र व्यायामाचा परिणाम फार थोडा असतो. त्यामुळे तासभर घाम गाळला तरी एलडीएल चढलेलं असू शकतं, आणि ते आरशात दिसत नाही.

एका मोठ्या अंड्यात साधारण 186 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, आणि ते सगळं पिवळ्यात. म्हणजे सहा अंड्यांत अकराशेच्या वर. पण खाल्लेलं सगळं रक्तात उतरत नाही. शरीराला लागणारं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं, आणि बाहेरून जास्त आलं की आपलं उत्पादन कमी करतं. आतडीही साधारण निम्मंच शोषून घेतात. 1991 साली एका वैद्यकीय नियतकालिकात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची नोंद आली होती. ते रोज पंचवीस अंडी खात आणि त्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं. तपासल्यावर कळलं की त्यांच्या आतड्यात जेमतेम 18 टक्के कोलेस्टेरॉल शोषलं जात होतं. जिममध्ये हा किस्सा ‘बघा, अंड्याने काही होत नाही’ म्हणून सांगितला जातो. मला त्यातून उलटंच दिसतं: ते गृहस्थ अपवाद होते, म्हणून तर त्यांच्यावर लेख झाला. काही जणांचं शरीर ही भरपाई नीट करत नाही आणि अंडी वाढली की त्यांचं एलडीएलही सरळ वाढतं. आपण कुठल्या गटात, हे फक्त रक्त तपासूनच कळतं.

आमच्याकडच्या एका तिशीतल्या मुलाचं सांगतो. सहा अंड्यांची बुर्जी, दोन मोठे चमचे बटरमध्ये, रोज. एलडीएल आलं 162. तो लगेच अंडी बंद करायला निघाला. मी म्हटलं, आधी बटर काढ. सहा अंड्यांत मिळून संतृप्त चरबी नऊ-दहा ग्रॅम, आणि त्याच्या त्या दोन चमचे बटरमध्ये चौदाच्या आसपास. संतृप्त चरबी वाढली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं, त्यामुळे बुर्जीत अंड्याइतकाच बटरवरही संशय घ्यायला हवा. त्याने बटरऐवजी चमचाभर शेंगदाण्याचं तेल घेतलं, बाकी काही बदललं नाही. सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला 148.

त्याला आनंद झाला, मला फारसा नाही. त्याच माणसाचं एलडीएल काहीही न बदलता आठ-दहा टक्के वरखाली होतं, आणि चौदा अंकांची ही घट त्याच मर्यादेत बसत होती. मग दुसरी पायरी: अंडी सहाच, पण पिवळी दोनच. चार पिवळ्यांबरोबर प्रथिनं साधारण अकरा ग्रॅम जातात, ती तीन जादा पांढऱ्यांत भरून निघतात. पुन्हा सहा आठवड्यांनी एलडीएल 116. ही घट मात्र योगायोगाच्या पलीकडची होती. आता तो दोन पिवळ्यांवरच आहे. त्याच्या व्यायामातल्या जोडीदाराने हेच केलं तर त्याचा आकडा जागचा हलला नाही, आणि त्याला पिवळी सोडायला सांगण्याचं मला काही कारण दिसलं नाही.

हे करून बघायचं तर दोन्ही वेळा लॅब तीच, उपाशी राहण्याचे तास तेवढेच, आणि आदल्या दिवशी जोरदार लेग-डे नको. कटिंग चालू असताना तर करूच नका. वजन उतरताना आकडे तसेही हलतात, मग श्रेय कुणाला द्यायचं तेच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पोरांना सगळ्यांत जड जातं.

‘पण सर, माझं एचडीएलपण वाढलंय, म्हणजे बॅलन्स झालं ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नाही झालं. वाढलेलं एचडीएल वाढलेल्या एलडीएलची वजाबाकी करत नाही.

हे सगळं निरोगी माणसासाठी. एलडीएल 190 च्या वर असेल, मधुमेह असेल, किंवा वडिलांना-भावाला पंचावन्नच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर हे प्रयोग घरी करू नका, डॉक्टरांकडे जा. घरात तसा इतिहास असेल तर लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच कणाची तपासणीही विचारा. ते प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असतं, अंडी खाल्ली-सोडली तरी फारसं बदलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते येत नाही, वेगळं लिहून घ्यावं लागतं.