मेळाव्यानंतरच्या सोमवारी आलेला एक मेल

चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एचआरचं काम पाहतो. उन्हाळ्यात जवळच्या एका तंत्रनिकेतनात शनिवारी रोजगार मेळावा होता. आमच्या स्टॉलवर मी आणि क्वालिटी विभागातला एक इंजिनियर असे दोघं बसलो होतो. अशा ठिकाणी एका उमेदवाराला दीड-दोन मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही. मी शाखा, पास होण्याचं वर्ष, बॅकलॉग आणि शिफ्टची तयारी विचारतो, शेजारचा इंजिनियर एखादा तांत्रिक प्रश्न टाकतो, आणि रेझ्युमेच्या कोपऱ्यात पेनाने खूण होते. प्रॉडक्शनसाठी ‘पी’, क्वालिटीसाठी ‘क्यू’, आत्ता नाही पण पुढे बघू अशांना फुली. संध्याकाळी खुणेप्रमाणे गठ्ठे करून त्यांना रबरबँड लागतो आणि सगळं पिशवीत जातं.

सोमवारी ते गठ्ठे टेबलावर येतात आणि एक्सेलमध्ये चढतात. नाव, मोबाईल, शाखा, वर्ष, शेरा. तोपर्यंत चेहरे विसरलेले असतात. म्हणून मेळाव्यानंतर येणाऱ्या मेलचं पहिलं काम छाप पाडणं हे नसतंच. या गठ्ठ्यातला नेमका कोणता कागद माझा, हे समोरच्याला सापडवून देणं हे पहिलं काम. त्या सोमवारी आलेल्या बहुतेक मेलनी ते केलं नव्हतं.

विषयाच्या जागी नुसतं `Resume`, खाली ‘शनिवारी झालेल्या चर्चेनुसार’ आणि सोबत फाईल. चर्चा कसली, ते कुठेच नाही. काही मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याच माणसाचं नाव दिसत होतं. खातं कधीकाळी मोठ्या भावाने उघडलेलं असतं, त्याचंच नाव तिथे राहून गेलेलं असतं. मग शीटमधलं नाव शोधलं तर मेल सापडत नाही. सायबर कॅफेच्या खात्यावरून पाठवणारेही असतात. आमचं उत्तर मग कॅफेवाल्याला जातं. ड्राइव्हची लिंक पाठवणाऱ्यांनी ती सर्वांना उघडेल अशी केलेली नसते, त्यामुळे क्लिक केलं की `Request access` अशी पाटी येते. ती परवानगी मागत बसायला त्या दिवशी कुणालाच वेळ नसतो. एकाने मेळाव्यातल्या सगळ्या कंपन्यांचे पत्ते एकाच मेलच्या `To` मध्ये घातले होते. वाईट हेतू नव्हता, पण ‘आपल्याच कंपनीत काम करण्याची मनापासून इच्छा आहे’ हे वाक्य आणि त्याच्या डोक्यावर ती पत्त्यांची रांग, हे एकत्र वाचताना हसू येतंच.

मला सांगायचंय ते त्यांच्यात आलेल्या एका मेलबद्दल. तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचा होता. विषयाची ओळ अशी होती:

`Diploma Mech 2025 - Saturday job fair - Quality, line inspection`

मेल न उघडताच मला शाखा, वर्ष, भेटीची जागा आणि कोणता गठ्ठा काढायचा ते कळलं. आमचे मोठे साहेब मेल फोनवर वाचतात, तिथे विषयाची ओळ मध्येच तुटते, म्हणून महत्त्वाचं आधी येणं बरं. तिने ते आधीच ठेवलं होतं.

मेल इंग्रजीत होता, वाक्यं साधी होती. मजकूर मराठीत सांगतो. पहिल्या दोन ओळी अशा: ‘शनिवारी दुपारी आपल्या स्टॉलवर भेटले होते. आपल्या सहकाऱ्यांनी २५ मिलिमीटरचं बोअर कशाने मोजाल असं विचारलं, मी व्हर्नियर म्हणाले, आणि त्यांनी टॉलरन्स २५ एच७ असेल तर काय, असं विचारलं. तेव्हा उत्तर अपुरं राहिलं.’ या दोन ओळींनी कागद तर सापडलाच, कोपऱ्यातली ‘क्यू’ची खूणही सापडली. शिवाय शेजारच्या इंजिनियरला तो प्रश्न आठवला. उमेदवाराचा चेहरा आठवत नाही, पण आपण विचारलेला प्रश्न आपल्याला आठवतो.

पुढे तिने ते अपुरं उत्तर तीन वाक्यांत पुरं केलं होतं. २५ एच७ म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं, एकूण वाव २१ मायक्रॉनचा. व्हर्नियरचं लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ त्या वावाएवढंच, त्यामुळे भाग पास की नापास हे त्यावरून ठरवता येणार नाही. लाईनवर झटपट तपासायला गो-नो-गो प्लग गेज, आणि प्रत्यक्ष आकडा हवा असेल तर मास्टर रिंगवर सेट केलेलं डायल बोअर गेज. एवढंच. पुस्तकातली व्याख्या उतरवलेली नव्हती, माफी नव्हती, ‘मला शिकण्याची आवड आहे’ असंही कुठे नव्हतं.

हा भाग इतका कामाला का आला, ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. मेल मला लिहिलेला असतो, पण निर्णय माझा नसतो. क्वालिटीत कोण घ्यायचा ते क्वालिटीचा हेड ठरवतो. माझ्या हातात फक्त मेल पुढे पाठवणं असतं. पुढे पाठवताना मला वर दोन ओळी लिहून ‘ही मुलगी कोण, का बघायची’ हे समजवावं लागलं, तर तो मेल ‘नंतर करू’मध्ये पडतो आणि तिथेच राहतो. हा मेल मी ‘कृपया बघावे’ एवढंच लिहून पाठवला. बाकीचं त्यातच होतं. जेवणाच्या सुट्टीच्या आत हेडचं उत्तर आलं: बोलवा.

त्यानंतर मला जी माहिती लागली असती तीही तिने विचारण्याआधी दिली होती. पाचव्या सेमिस्टरपर्यंतची टक्केवारी, बॅकलॉग नाही, सहाव्याची परीक्षा झाली असून निकाल यायचा आहे, अ‍ॅप्रेंटिसशिपच्या नॅट्स पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, आणि पहिल्या-दुसऱ्या दोन्ही शिफ्टची तयारी. निकाल बाकी आहे हे उघड लिहिलेलं चांगलं. आमच्याकडे कागदपत्रांच्या तपासणीत ते कळतंच, आणि तेव्हा कळलं तर उगाच शंका येते. फाईल एकच होती, पीडीएफ, दोन पानांची, तिच्या नावाची. `Resume final new (2).pdf` नावाच्या फाईली त्या दिवशी इतक्या उतरवल्या की कोणती कुणाची ते प्रत्येक उघडून बघावं लागलं. गुणपत्रिका मोबाईलवर फोटो काढून जोडणारेही होते. असे सात-आठ फोटो जोडले की मेल बऱ्यापैकी जड होतो, आणि कंपनीच्या सर्व्हरची मर्यादा जीमेलच्या २५ एमबीपेक्षा बरीच कमी असू शकते. मग मेल परत जातो, आणि परत आल्याची सूचना पाठवणारा वाचतोच असं नाही. पहिल्या मेलसोबत गुणपत्रिका लागतच नाहीत.

शेवटी तिने एकच प्रश्न विचारला होता: कंपनीच्या वेबसाइटवरचा अर्जही भरायचा, की स्टॉलवर दिलेला कागद पुरेसा आहे? याला मी उभ्या उभ्या उत्तर देऊ शकलो: ‘अर्जही भरा.’ ‘आपल्या कंपनीत कोणत्या संधी आहेत ते कळवावे’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर निबंध लिहावा लागतो, म्हणून कुणी देत नाही.

हेडने ‘बोलवा’ म्हटलं तरी तिला लगेच बोलावणं गेलं नाही. आमच्याकडे जागा भरायला विभागाचा मागणीचा फॉर्म लागतो, त्यावर प्लांट हेडची सही लागते, आणि ती महिनाअखेरीच्या गडबडीत अडकली होती. उमेदवाराला हे बाहेरून दिसत नाही. त्याला फक्त शांतता दिसते, आणि तो तिचा अर्थ नकार असा लावतो किंवा रोज विचारायला लागतो. त्याच आठवड्यात एका मुलाचे ‘एनी अपडेट सर’ असे मेल रोज सकाळी येत होते, प्रत्येक वेळी नव्या विषयाने. विषय बदलला की जीमेलमध्ये मेल आधीच्या साखळीत न बसता वेगळा पडतो, त्यामुळे त्याचा मूळ रेझ्युमे कोणत्या मेलमध्ये आहे ते मला हुडकावं लागे. तिसऱ्या दिवसानंतर ते कुणी करत नाही.

त्या मुलीचा दुसरा मेल आठवडा उलटल्यावर आला, पहिल्याच मेलला उत्तर म्हणून, विषय तोच ठेवून. दोन ओळी: सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला, गुणपत्रिका जोडली आहे, वेबसाइटवरचा अर्ज भरला, त्याचा क्रमांक हा. विचारपूस अशी नव्हतीच. पण मला तिचा कागद शीटमध्ये ‘निकाल बाकी’मधून ‘पात्र’मध्ये हलवावा लागला, आणि हलवताना सही झाली का हे मी पुन्हा विचारलं. झाली होती. पाठपुराव्याचा मेल पाठवायचा असेल तर त्यात असं काहीतरी नवं हवं, जे वाचून समोरच्याला एखादा रकाना बदलावा लागेल. तसं काही नसेल तर आठ-दहा दिवस थांबून एक मेल, आणि त्यानंतर गप्प राहिलेलं बरं.

मुलाखत प्लांटमध्ये, गेज रूममध्येच झाली. हेडने टेबलावर बोअर गेज आणि मास्टर रिंग ठेवून तिला सेट करायला सांगितलं. तिने मेलमध्ये लिहिलं होतं ते हाताने करता येतं का, हे बघायचं होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तिने ते केलेलं होतं, हे हाताच्या सवयीवरून दिसत होतं. नसतं केलं तर तोच मेल तिच्या अंगाशी आला असता, कारण त्या मेलशिवाय हा प्रयोग कुणी लावलाच नसता. म्हणून स्टॉलवर चुकलेलं उत्तर दुरुस्त करून पाठवायचं, तर जेवढं स्वतःला येतं तेवढंच लिहावं.

क्वालिटीची ती एक जागा होती आणि ती तिला मिळाली. प्रॉडक्शनच्या जागा बऱ्याच होत्या. त्या ‘पी’च्या गठ्ठ्यातूनच भरल्या. तिथे निवडलेल्यांपैकी अनेकांनी मेल पाठवलेलाच नव्हता. एकदम पंधरा-वीस जण घ्यायचे असतात तेव्हा आम्ही शीट वरून खाली फोनच लावत जातो. तिथे फरक पडतो तो रेझ्युमेवरचा मोबाईल नंबर लागतो की नाही याने, आणि त्या वेळी दोन नंबर बंद निघाले.