मंगळवारचा भात

मंगळवारी दुपारी वाकडच्या माझ्या दवाखान्यात दोन तरुण आले. एकाचा हात पोटावर, दुसऱ्याने त्याला धरलेलं. दीडला जेवला आणि तीनपर्यंत पाच उलट्या. ताप नाही, जुलाब नाहीत. रूममेट मात्र ठणठणीत, आणि जेवण दोघांचं एकच.

"तू काय खाल्लं नाहीस?" मी रूममेटला विचारलं.

"भात. मी डाळ-चिकन पोळीशी खातो."

दोघं रविवारी रात्री आठवड्याचं शिजवून ठेवतात. डाळ आणि चिकन छोट्या डब्यांत भरून तासाभरात फ्रिजमध्ये गेलं होतं. भात मात्र मोठ्या कुकरमध्ये, झाकण लावून, रात्रभर ओट्यावर. "गरम भांडं ठेवलं की फ्रिज बिघडतो ना, डॉक्टर? आणि खाताना मी वाफा येईपर्यंत गरम केला होता."

वाफेचा इथे काही उपयोग नव्हता. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि शिजवूनही ते टिकतात. गच्च भरलेल्या कुकरच्या मध्यभागी भात तासन्‌तास कोमट राहतो. तिथे ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. पुन्हा गरम केल्यावर जंतू मरतात, विष उकळूनही जात नाही. भात आंबूस लागेलच असंही नाही. याला तो नेहमीसारखाच लागला होता. अन्नाची तपासणी आम्ही केली नाही. माझं निदान दीड तासात सुरू झालेल्या उलट्यांवर आणि रूममेटच्या पोळीवर उभं होतं.

उलटीचं इंजेक्शन दिलं, मग घोटघोट ओआरएस. अँटिबायोटिक नाही, आधीच तयार झालेल्या विषावर ते काय करणार? रात्रीपर्यंत तो सावरला.

गुरुवारी दोघं पुन्हा आले, वही घेऊन! भात शिजल्याबरोबर परातीत दोन बोटं जाडीचा पसरायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवायचा, हे आधी लिहून दिलं. त्यातला सोमवारपुरता फ्रिजमध्ये. बाकीचा एकेका जेवणापुरत्या चपट्या पिशव्यांत भरून त्याच रात्री फ्रीझरमध्ये. डाळ-चिकन बुधवारपर्यंत फ्रिजमध्ये चालेल, पुढच्या दिवसांचं फ्रीझरमध्ये. डाळीला खळखळून उकळी आणायची. चिकन मायक्रोवेव्हमध्ये कडेला चटका देतं आणि मधे थंडच राहतं, म्हणून अर्ध्यावर काढून ढवळायचं. मधल्या तुकड्यात 75 अंश भरले पाहिजेत. खाणार तेवढंच गरम करायचं, उरलेलं परत डब्यात नाही.

फ्रिज किती अंशांवर आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पाचच्या आत हवा म्हटलं. शनिवारी रूममेटने थर्मामीटरचा फोटो पाठवला: 9. डबे इतके ठासून भरले होते की हवा फिरायला जागाच नव्हती.