पहिला टप्पा संपला, तरी कृत्रिम चल बेसिसमध्येच राहिले

दोन टप्प्यांची सिम्प्लेक्स पद्धत वापरून रेषीय प्रोग्रामिंगची उदाहरणे सोडवणारा एक छोटा प्रोग्राम मी स्वतःसाठी लिहिला होता. तो तपासायला हाताने सोडवता येईल असे तीन चलांचे एक उदाहरण घेतले, आणि तिथेच अडकले. प्रोग्रामने न कुरकुरता उत्तर दिले. पण ते मूळ समीकरणांत भरून पाहिले तेव्हा तीनपैकी दोन समीकरणे खोटी ठरत होती. उदाहरण असे होते:

```
महत्तम  z = x1 + 3x2 - x3
 x1 +  x2      =  4
2x1 +  x2 + x3 =  8
3x1 + 2x2 + x3 = 12
x1, x2, x3 >= 0
```

तिन्ही अटी समीकरणांच्या रूपात असल्यामुळे सुरुवातीची बेसिस आयती मिळत नव्हती. म्हणून प्रत्येक समीकरणात a1, a2, a3 ही कृत्रिम चले घातली आणि पहिल्या टप्प्यात त्यांची बेरीज w = a1 + a2 + a3 किमान करायला घेतली. तिन्ही ओळींची बेरीज केली की x1, x2, x3 यांचे सहगुणक 6, 4 आणि 2 येतात, त्यामुळे x1 आत आणणे सर्वांत फायद्याचे होते. गुणोत्तर चाचणीत 4/1, 8/2 आणि 12/3 ही तिन्ही गुणोत्तरे नेमकी 4 आली. बरोबरी झाल्यावर माझा प्रोग्राम वरची ओळ निवडतो, म्हणून a1 बाहेर गेले आणि टेबल असे झाले:

```
x1 = 4 :   x1 + x2           = 4
a2 = 0 :       -x2 + x3 + a2 = 0
a3 = 0 :       -x2 + x3 + a3 = 0
```

(a1 चा स्तंभ इथे मुद्दाम दाखवलेला नाही, त्याचे काम पुढे आहे.) एकाच पिव्हटमध्ये w शून्यावर आला. कृत्रिम चले ऋण होऊ शकत नसल्यामुळे w शून्याखाली जाणे शक्यच नाही, आणि म्हणून w शून्य झाला की थांबायचे, असा नियम मी प्रोग्रामला दिला होता. उदाहरणाला व्यवहार्य उत्तर आहे, हा निष्कर्ष काढण्यापुरता तो नियम बरोबरच आहे. मी त्यातून आणखी एक निष्कर्ष काढला, तो मात्र चुकीचा होता. w शून्य आहे म्हणजे कृत्रिम चलांचा विषय संपला, असे मी धरले होते. प्रत्यक्षात त्यांची किंमत शून्य झाली होती, पण बेसिसमधील जागा त्यांनी सोडलेली नव्हती.

दुसऱ्या टप्प्यात मी a2 आणि a3 यांना उद्दिष्टात शून्य सहगुणक दिला आणि ती पुन्हा आत येऊ नयेत एवढीच खबरदारी घेतली. x1 = 4 - x2 घातल्यावर z = 4 + 2x2 - x3 मिळतो, म्हणून x2 आत यायला हवे. त्याच्या स्तंभात पहिल्या ओळीत +1 आणि खालच्या दोन्ही ओळींत -1 आहे. गुणोत्तर चाचणी ऋण सहगुणकांकडे पाहत नाही, त्यामुळे ती फक्त पहिल्या ओळीवर थांबली, x1 बाहेर गेले, x2 = 4 झाले आणि z = 4 + 8 = 12 आला. पुढे सुधारणेला वाव दिसेना, म्हणून प्रोग्रामने तेच महत्तम मूल्य म्हणून जाहीर केले. दुसऱ्या समीकरणात (0, 4, 0) ठेवले तर डावी बाजू 4 येते, हवे होते 8. तिसऱ्यात 8 येते, हवे होते 12.

कारण त्या -1 मध्येच आहे. दुसऱ्या ओळीप्रमाणे x3 शून्य असताना a2 = x2 असते, म्हणजे x2 जेवढे वाढेल तेवढेच a2 वाढते. नेहमीच्या चलाच्या बाबतीत अशा वाढीला कोणाची हरकत नसते, म्हणूनच गुणोत्तर चाचणी ऋण सहगुणक सोडून देते. पण कृत्रिम चल वाढणे म्हणजे मूळ समीकरण मोडणे. शेवटच्या टेबलमध्ये a2 = 4 आणि a3 = 4 असे स्पष्ट लिहिलेले होते; मी उत्तर छापताना फक्त x1, x2, x3 छापत होते, म्हणून ते माझ्या नजरेला पडले नाही. दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस बेसिसमधील प्रत्येक कृत्रिम चलाची किंमत तपासली असती, तर ही चूक त्याच दिवशी सापडली असती.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना टेबल दाखवले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “a2 च्या ओळीची उजवी बाजू शून्य आहे ना? मग तिथे पिव्हट करायला तुम्ही -1 ला का घाबरता?” या प्रश्नाने गुंता सुटला. पिव्हटसाठी धन सहगुणक लागतो, हा नियम उजव्या बाजू ऋण होऊ नयेत म्हणून असतो. पिव्हटच्या ओळीची उजवी बाजूच शून्य असेल, तर तिला कोणत्याही शून्येतर संख्येने भागले तरी शून्यच राहते, आणि तिची कोणतीही पट इतर ओळींत मिळवली तरी त्यांच्या उजव्या बाजू हलत नाहीत. बिंदू तोच राहतो, w तोच राहतो, फक्त बेसिस बदलते. म्हणून इथे गुणोत्तर चाचणी लावायची नसते. त्या ओळीत मूळ चलांपैकी ज्याचा सहगुणक शून्य नाही, असे कोणतेही चल चालते.

मी मुद्दाम तो -1 च निवडला. दुसरी ओळ -1 ने भागली की x2 - x3 = 0 मिळते, म्हणजे a2 बाहेर आणि x2 आत, तेही शून्य किमतीनेच. पहिल्या ओळीतून ही ओळ वजा केल्यावर x1 + x3 = 4 उरले. तिसऱ्या ओळीत ती मिळवल्यावर x1, x2 आणि x3 हे तिन्ही सहगुणक नाहीसे झाले. आता a3 ला बाहेर काढायला त्या ओळीत एकही मूळ चल उरले नव्हते.

आधी मला वाटले की पिव्हट करताना माझे काहीतरी चुकले. पण अशी ओळ येण्याचा अर्थ ठरलेला आहे: ते समीकरण इतर समीकरणांतूनच निघते, म्हणून ते अनावश्यक आहे. कोणत्या समीकरणांतून निघते, हेही टेबल सांगते, फक्त कृत्रिम चलांचे स्तंभ पुसलेले नसले पाहिजेत. a1 चा स्तंभ धरून तिसरी ओळ पूर्ण लिहिली तर ती अशी होते:

```
-a1 - a2 + a3 = 0
```

कृत्रिम चलांचे हे सहगुणक म्हणजे मूळ समीकरणांना लावलेले गुणक होत: तिसऱ्यातून पहिले आणि दुसरे वजा केले की काहीही उरत नाही. मूळ उदाहरणाकडे परत पाहिल्यावर 3x1 + 2x2 + x3 = 12 ही पहिल्या दोघांची बेरीज आहे, हे दिसले. उदाहरण लिहिताना ते माझ्या लक्षातच आले नव्हते. अशी ओळ a3 सकट सरळ काढून टाकता येते, आणि मग राहिलेल्या बेसिसमध्ये एकही कृत्रिम चल उरत नाही. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: समीकरण अनावश्यक आहे ते 12 या उजव्या बाजूसह. तिथे 13 असते तर समीकरणे परस्परविरोधी झाली असती, w शून्यावर आलाच नसता आणि ओळ काढण्याचा प्रश्नही उद्भवला नसता.

आता दुसरा टप्पा दोनच ओळींवर चालवला. x1 = 4 - x3 आणि x2 = x3 घातल्यावर z = 4 + x3 येतो. x3 आत आणताना पहिल्या ओळीचे गुणोत्तर 4 आहे, आणि दुसऱ्या ओळीतील -1 आता निरुपद्रवी आहे, कारण तिथे x2 बसलेले आहे आणि ते खुशाल वाढू शकते. उत्तर (0, 4, 4) आणि z = 8. तिन्ही समीकरणांत भरून पाहिले: 4, 8, 12.

यावर एक शंका येऊ शकते. w शून्य झाल्यावर मी थांबले नसते आणि x3 आत आणले असते, तर a2 आपोआपच गेले नसते का? या उदाहरणात गेले असते, कारण w च्या ओळीत x3 अजून फायद्याचे दिसत होते. पण त्यावर विसंबता येत नाही. x1 + x2 + x3 = 4 आणि 2x1 + x2 + x3 = 8 ही दोनच समीकरणे घेतली, तर x1 आत आल्यावर दुसरी ओळ -x2 - x3 + a2 = 0 अशी होते. इथे w च्या ओळीत कोणतेही चल फायद्याचे नाही, पहिला टप्पा सर्व कसोट्यांवर संपलेला आहे, आणि तरीही a2 बेसिसमध्ये आहे. ही ओळ खरे तर x2 आणि x3 दोन्ही शून्यच असले पाहिजेत, असे सांगते आहे. म्हणून काढण्याची पायरी स्वतंत्र आणि सक्तीची ठेवावी, असे माझे मत झाले.

प्रोग्राममध्ये ती पायरी मी दोन्ही टप्प्यांच्या मध्ये अशी घातली:

```python
redundant = []
for i in range(m):
    if basis[i] >= n:              # कृत्रिम चल
        j = np.argmax(np.abs(T[i, :n]))
        if abs(T[i, j]) > tol:
            pivot(T, basis, i, j)
        else:
            redundant.append(i)
```

यात n ही मूळ चलांची संख्या आहे. ओळी लूपच्या आतच पुसल्या तर पुढचे क्रमांक सरकतात आणि एखादी ओळ तपासायची राहून जाते, म्हणून त्या यादीत जमवून शेवटी एकदम काढते.

tol ही बारीकसारीक बाब वाटली होती, पण तिने मला आणखी एक संध्याकाळ खर्च करायला लावली. सुरुवातीला मी फक्त सहगुणक शून्य नाही ना, एवढेच पाहत होते. एका उदाहरणात तिसरे समीकरण पहिल्या दोघांची बेरीज होते आणि एका स्तंभात 0.1, 0.2 व 0.3 असे सहगुणक होते. संगणकाच्या अंकगणितात 0.1 + 0.2 - 0.3 याचे उत्तर शून्य येत नाही, सुमारे 5.55e-17 येते. माझ्या प्रोग्रामने असाच एक अवशेष खरा सहगुणक समजून त्यावर पिव्हट केला, ओळीला जवळजवळ शून्याने भागले आणि सगळ्या टेबलात प्रचंड संख्या पसरल्या. आता मी समीकरणांचे सहगुणक आधी साधारण 1 च्या आसपास आणते, tol 1e-9 ठेवते आणि ओळीतील सर्वांत मोठ्या निरपेक्ष किमतीचाच सहगुणक पिव्हटसाठी घेते. कृत्रिम चलाची किंमत याच सहनसीमेत शून्य आहे का, हेही त्याआधी तपासते. कारण ती तशी नसेल, तर ऋण सहगुणकावर पिव्हट करण्याची मुभा देणारा आधारच नाहीसा होतो.